ठेकेदाराने पाठवलेली बीबीएस शीट स्वतः कशी तपासायची: एका बीमचा पूर्ण हिशोब

गावाला घर बांधायला काढलंय, स्वतः मुंबईत किंवा पुण्यात आहात, आणि ठेकेदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर एक एक्सेलची शीट टाकलीय ज्याच्या तळाला "एकूण स्टील इतके किलो" असं लिहिलंय. किंवा डिप्लोमा करून नुकतेच साइटवर लागलात आणि सिनियरने तीच शीट पुढे सरकवून "जरा चेक कर रे" म्हटलंय. दोघांसाठी हा लेख आहे. या शीटला बार बेंडिंग शेड्यूल म्हणतात, साइटवर सगळे नुसतं बीबीएस म्हणतात, आणि तपासायला इंजिनीअरिंगची डिग्री लागत नाही, गुणाकार आणि थोडा संशयी स्वभाव लागतो.

मी इथे अख्ख्या घराचं बीबीएस घेत नाहीये. एकच बीम घेतोय, पण शेवटपर्यंत, कारण एक बीम नीट कळला की स्लॅब, कॉलम, फुटिंग सगळीकडे तोच हिशोब असतो, फक्त आकार बदलतात.

आधी शीट वाचायची कशी

प्रत्येक ओळीत मुळात चारच गोष्टी असतात. सळईचा व्यास किती, एका सळईची कापायची लांबी किती, अशा सळ्या किती, आणि त्या व्यासाच्या सळईचं एका मीटरला वजन किती. चौघांपैकी व्यास फक्त वजन-प्रति-मीटर काढायला लागतो, बाकी तिघांचा गुणाकार केला की त्या ओळीचे किलो. बस.

वजन-प्रति-मीटरचा फॉर्म्युला सगळ्यांना तोंडपाठ असतो, व्यास गुणिले व्यास भागिले १६२. व्यास मिलिमीटरमध्ये, उत्तर किलो प्रति मीटर. हे १६२ आकाशातून पडलेलं नाही, स्टीलची घनता एका घनमीटरला ७८५० किलो धरतात, त्याला गोल सळईच्या क्षेत्रफळाने गुणलं आणि मिलिमीटरचे मीटर केले की खाली १६२.२ उरतात, लोक पॉइंट सोडून देतात. म्हणजे ८ एमएमला ०.३९५, १० ला ०.६१७, १२ ला ०.८८९, १६ ला १.५८ आणि २० ला २.४७ किलो. हे पाच आकडे मोबाईलच्या नोट्समध्ये टाकून ठेवा, घराच्या कामात यापलीकडे फारसं काही येत नाही. जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात, तीन सूत म्हणजे १० एमएम, चार सूत म्हणजे १२, पाच सूत म्हणजे १६, आणि ८ एमएमला अडीच सूत. आणि लांबी जर फुटात लिहिलेली असेल तर भागाकार १६२ ने नाही, ५३३ ने करायचा, तेव्हा आधी शीटच्या वरच्या ओळीत बघा की लांबी मीटरमध्ये आहे, फुटात आहे की मिलिमीटरमध्ये.

स्वतःची एक कोरी शीट उघडा आणि ठेकेदाराचे आकडे त्यात परत टाईप करा. त्याच्याच फाईलवर हिशोब करू नका, कारण त्याच्या फाईलमध्ये कुठल्या सेलमध्ये फॉर्म्युला आहे आणि कुठे हाताने आकडा चिकटवलाय ते वरून दिसत नाही.

```
A: बीम   B: व्यास   C: एका बीममध्ये नग   D: बीमची संख्या   E: कटिंग लांबी (मीटर)
F2:  =C2*D2*E2
G2:  =B2*B2/162
H2:  =F2*G2
```

एफमध्ये एकूण मीटर, जीमध्ये वजन-प्रति-मीटर, एचमध्ये किलो. नग आणि बीमची संख्या मुद्दाम वेगळ्या कॉलममध्ये ठेवलीय, कारण बऱ्याच शीटमध्ये "नग" या एकाच रकान्यात आधीच आठ बीमच्या सळ्या एकत्र करून लिहिलेल्या असतात आणि पुढे परत आठने गुणलेलं असतं, ते वेगळं ठेवलं की लगेच डोळ्यात येतं.

आपला बीम

समजा गुहागर तालुक्यात समुद्राच्या बाजूला घर चाललंय, चिऱ्याच्या भिंती, वर आरसीसी स्लॅब, आणि पुढच्या मागच्या पडवीवर एकसारखे आठ बीम आहेत, ड्रॉइंगमध्ये नाव बी-२. बीम २३० रुंद आणि ४५० खोल, दोन कॉलममधलं मोकळं अंतर ४००० आणि दोन्हीकडचे कॉलम बीमच्या दिशेने ३०० चे, म्हणजे बाहेरून बाहेर ४६०० मिलिमीटर. खाली १६ एमएमच्या तीन सळ्या, वर १२ एमएमच्या दोन, रिंगा ८ एमएमच्या. रिंगांचं अंतर दोन्ही टोकांना १०० आणि मध्ये १५०. डिझायनरने कव्हर, म्हणजे लोखंडावरचं काँक्रीटचं आवरण, ४५ लिहिलंय. हे ४५ लक्षात ठेवा, पुढे कामाला येतंय.

आणि ठेकेदाराची शीट म्हणते:

१६ एमएम, २४ नग, ५.०६ मीटर, एकूण १२१.४४ मीटर, १९१.९ किलो.
१२ एमएम, १६ नग, ५.०६ मीटर, एकूण ८०.९६ मीटर, १२७.९ किलो.
८ एमएम रिंग, ३२० नग, १.२२ मीटर, एकूण ३९०.४ मीटर, १५४.२ किलो.
एकूण ४७४ किलो, त्यावर पाच टक्के वेस्टेज, ४९७.७ किलो.

पहिली चाळणी: उलटा भागाकार

ड्रॉइंग उघडायच्याही आधी हे करा, दोन मिनिटांचं काम आहे. प्रत्येक ओळीचे किलो घ्या आणि एकूण मीटरने भागा. जे येईल ते त्या व्यासाचं वजन-प्रति-मीटर असायला पाहिजे, मघाच्या पाच आकड्यांपैकी एक.

पहिली ओळ, १९१.९ भागिले १२१.४४, आले १.५८, बरोबर. तिसरी, १५४.२ भागिले ३९०.४, आले ०.३९५, बरोबर. दुसरी, १२७.९ भागिले ८०.९६, इथेही आले १.५८! पण ओळ १२ एमएमची आहे, तिथे ०.८८९ यायला हवे होते. म्हणजे वरच्या सेलमधला आकडा खाली ओढताना तसाच आलाय. एवढ्या एका सेलमुळे ५६ किलो वाढले. यात ठेकेदाराची लबाडी असेलच असं नाही, मागच्या साइटची शीट कॉपी करून नावं बदलली की हे होतंच, आणि कधीकधी उलटंही होतं, वजन कमी दिसतं आणि मग ऐन स्लॅबच्या आदल्या दिवशी स्टील कमी पडतं आणि चिपळूणला गाडी पळवावी लागते.

एक सांगतो, बीबीएसमध्ये गुणाकार चुकलेला क्वचितच सापडतो, तो एक्सेल करतं. चुकतं ते गुणाकारात घातलेलं. वजन-प्रति-मीटरची चूक या भागाकाराने पकडली जाते, पण लांबी आणि नग चुकले असतील तर भागाकार छान बरोबरच येतो. तिसऱ्या ओळीकडे बघा, ०.३९५ अगदी चोख आलंय, आणि तरीही सगळ्यात मोठा गोंधळ त्याच ओळीत आहे. त्यासाठी आता ड्रॉइंग लागणार.

मुख्य सळ्यांची लांबी

खालची १६ एमएमची सळई कॉलमच्या आत जाते आणि टोकाला काटकोनात वर वळते, आपल्याकडे त्याला एल मारणं म्हणतात. कॉलमच्या बाहेरच्या कडेपासून सळई थोडी आत थांबते, कारण तिथे कॉलमचं कव्हर, कॉलमची रिंग आणि कॉलमची उभी सळई आहे. ड्रॉइंगमध्ये दोन्हीकडे ७० सोडलेत, म्हणजे सरळ भाग ४६०० वजा १४०, आले ४४६०. दोन्हीकडचे एल ३०० चे. बेरीज ५०६०. ठेकेदाराने इथेच थांबून ५.०६ लिहिलंय.

पण सळई वाकवली की कोपऱ्यात ती गोल फिरते, बाहेरची मापं बेरजेत घेतली की तो कोपरा थोडा जास्त मोजला जातो. म्हणून प्रत्येक काटकोनाला व्यासाच्या दुप्पट वजा करायचा साइटवरचा ठोकताळा आहे. १६ ला ३२, दोन बेंडचे ६४. ५०६० वजा ६४, ४९९६, धरा ५.०० मीटर. १२ एमएमला दोन बेंडचे ४८ जातात, ५०१२, धरा ५.०१.

आता फरक बघा. १६ एमएमच्या २४ सळ्या गुणिले ५.००, १२० मीटर, १८९.६ किलो. ठेकेदाराचे १९१.९. सव्वादोन किलोचा फरक! यावर भांडायला जाऊ नका. नवीन पोरं नेमकी इथे अडकतात, बेंड डिडक्शनवरून फिटरशी वाद घालत बसतात आणि खाली ३२० रिंगा निघून जातात. बेंड वजा केले नाहीत म्हणून वजन एखाद टक्का वाढतं, तेवढंच. मात्र सळई कापताना ते महत्त्वाचं असतं, का ते वेस्टेजमध्ये सांगतो.

लांबीच्या रकान्यात अजून एक बघायचं, सळई १२ मीटरपेक्षा छोटी असून त्यात जोडाची लांबी धरलीय का. बाजारात सळई साधारण १२ मीटरची येते, ५ मीटरच्या सळईला जोड कशाला लागेल? सलग तीन-चार गाळ्यांतून जाणारा बीम असेल तर जोड येतो आणि तिथे तो धरायलाच हवा.

रिंगा: इथे बसून वेळ घाला

रिंग छोटी असते म्हणून कुणी बघत नाही, पण ती शेकड्याने असते. एका रिंगेत पंधरा सेंटीमीटर जास्त धरले की ते तीनशेने गुणले जातात.

आधी लांबी. कव्हर म्हणजे काँक्रीटच्या बाहेरच्या कडेपासून सगळ्यात बाहेरच्या लोखंडापर्यंतचं अंतर, आणि बीममध्ये सगळ्यात बाहेर असते रिंग. म्हणजे रिंगेचं बाहेरचं माप हे बीमच्या मापातून दोन्हीकडचं कव्हर वजा करून येतं. रुंदी २३० वजा ९०, १४०. उंची ४५० वजा ९०, ३६०. चारी बाजूंची बेरीज १०००. हुकाला व्यासाच्या दहापट म्हणजे ८०, दोन हुकांचे १६०. वजा करायचे तीन काटकोन, प्रत्येकी व्यासाच्या दुप्पट, आणि दोन १३५ अंशांचे हुक, प्रत्येकी तिप्पट, मिळून बारा व्यास म्हणजे ९६. हाती राहिले १०६४, १.०६ मीटर.

शीटमध्ये १.२२ आहे. हा १६ सेंटीमीटरचा फरक आला कुठून? हुक लांब धरले असतील म्हणून सोडून देऊ नका, उलटा हिशोब करा. १२२० मधून हुकाचे १६० काढा, बेंडचे ९६ परत मिळवा, ११५६ उरले, त्याचे अर्धे ५७८. बीमची रुंदी अधिक उंची ६८०. म्हणजे दोन्ही दिशांना मिळून १०२ गेले, दोन रुंदीच्या बाजूला आणि दोन उंचीच्या, चार कव्हर, प्रत्येकी साधारण २५. ठेकेदाराने कव्हर २५ धरलंय!

आता हा प्रश्न किलोचा राहिला नाही. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला सिव्हियर गटात घातलंय आणि तिथे कव्हर ४५ मिलिमीटर सांगितलंय, एम ३५ किंवा वरचं काँक्रीट असेल तर ५ कमी चालतं. खाऱ्या हवेपासून आडोसा असलेल्या भागाला ३०, आणि लाटांचे तुषार थेट येत असतील तर ५०. पुण्याच्या साइटवरून आलेली शीट २५ ची असते आणि गुहागर, दापोली, मालवणला तशीच वापरली जाते. फिटर मग त्या शीटप्रमाणे रिंगा वळतो, रिंगा मोठ्या झाल्या की ४५ चा कव्हर ब्लॉक शटरिंगमध्ये बसतच नाही, मग कुणीतरी २५ चा ब्लॉक लावतो किंवा चिऱ्याची कपची सरकवतो आणि काँक्रीट पडतं. पडवीच्या बीमला खालून तांबूस चीर पडून पापुद्रे सुटलेले कोकणात कितीतरी घरांत दिसतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी गोष्ट या २ सेंटीमीटरपाशी येऊन थांबते. म्हणून माझ्या मते किनाऱ्यावरच्या बीबीएसमध्ये सगळ्यात आधी रिंगेची लांबी तपासावी, वजनासाठी नाही तर ती लांबी फिटरच्या डोक्यात किती कव्हर आहे ते सांगते म्हणून.

रिंगेचा फॉर्म्युला प्रत्येक ऑफिसचा थोडा वेगळा असतो, कुणी आतलं माप घेतं, कुणी बेंड वजा करत नाही, त्यात पाच-सहा, फार तर दहा सेंटीमीटर इकडे तिकडे होतं. तेवढा फरक दिसला तर विचारा "भाऊ, रिंगेचं बाहेरचं माप किती धरलंय?" आणि १४० बाय ३६० हे उत्तर आलं की पुढे चला. साइटवर असाल तर वळलेली एक रिंग उचलून टेपने बाहेरून मोजा.

आता नग. शीटमध्ये ३२०, म्हणजे बीमला ४०. हा आकडा असा आलाय: पहिली रिंग कॉलमच्या कडेपासून ५० वर, शेवटची तशीच, मधलं अंतर ३९००, भागिले १००, ३९ गाळे, अधिक एक, ४० रिंगा. गणित बरोबर, पण ड्रॉइंगमध्ये १०० चं अंतर फक्त टोकांना आहे. आपल्या बीमला कडेपासून ८५० पर्यंत १०० ने आणि मध्ये १५० ने. तर टोकाला ५० पासून ८५० पर्यंत ८०० मिलिमीटर, आठ गाळे, नऊ रिंगा. दोन्ही टोकांच्या अठरा. मध्ये ८५० पासून ३१५० पर्यंत २३००, भागिले १५०, आले १५.३, गाळे पूर्णच करावे लागतात म्हणून १६. सोळा गाळ्यांच्या दोन्ही टोकांच्या रिंगा आधीच मोजून झाल्यात, म्हणून आतल्या फक्त पंधरा. एकूण ३३.

"अधिक एक" हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण तो अख्ख्या लांबीला एकदाच लावायचा असतो. तीन भागांना तीनदा लावला की ३३ च्या ३५ होतात. आणि ४००० ऐवजी ४६०० घेऊन कॉलमच्या आतसुद्धा बीमच्या रिंगा मोजल्या की सगळं अंतर १०० धरून ४७ पर्यंत जातं, तेही पाहायला मिळतं. तुमच्या ड्रॉइंगमध्ये जॉइंटच्या आत काय दाखवलंय ते बघा, तिथे सहसा कॉलमच्या रिंगा चालू राहतात आणि त्या कॉलमच्या ओळीत मोजलेल्या असतात.

ठेकेदार म्हणेल, "साहेब, रिंगा जास्त घातल्या तर घर मजबूतच होणार ना". दोन गोष्टी. तो जास्तीच्या रिंगा खरंच घालणार आहे का हे आधी विचारा, कारण शीटमध्ये ४० आणि बांधलेल्या ३३ असं असेल तर फरकाचे पैसे तुमचे गेले. आणि खरंच घालणार असेल तर ते डिझायनरला विचारून, शीटमध्ये परस्पर नाही.

तर ३३ गुणिले ८ बीम, २६४ रिंगा, गुणिले १.०६, २७९.८ मीटर, गुणिले ०.३९५, ११०.५ किलो. शीटमध्ये १५४.२ होते. पावणेचव्वेचाळीस किलोंचा फरक, त्यातले २७ जास्तीच्या नगांचे, बाकी जास्तीच्या लांबीचे.

सगळं मिळून: १८९.६ अधिक ७१.३ अधिक ११०.५, म्हणजे ३७१.४ किलो. शीटमध्ये ४७४ होते. एकट्या बी-२ मध्ये १०२ किलोंच्या वर फरक, आणि त्यात बेंड डिडक्शनचा वाटा तीन किलोंचा.

वेस्टेजचे टक्के

खाली पाच टक्के लावलेले असतात, कुणी तीन लावतं. माझं म्हणणं, टक्के लावण्याआधी १२ मीटरच्या सळईतून तुकडे कसे निघतात ते बघा, कारण टक्के सगळ्यांना सारखे लागतात आणि कापणं सारखं नसतं.

८ एमएमच्या रिंगा १.०६ च्या, १२ मीटरमधून ११ निघतात, ३४ सेंटीमीटर उरतात. २६४ भागिले ११, बरोबर २४ सळ्या. उरलेले सगळे तुकडे मिळून आठ मीटर, तीन टक्क्यांच्या आत. छान. पण १६ एमएमची ५.०० ची सळई बघा, १२ मधून दोन निघतात आणि २ मीटर उरतात. २४ नगांना १२ सळ्या लागतील, आणि दोन-दोन मीटरचे १२ तुकडे उरतील, ३८ किलो, म्हणजे कामाला लागलेल्या वजनाच्या वीस टक्के! पाच टक्के कुठे आणि वीस कुठे.

हे वेस्टेज आहे का? फुटिंगच्या जाळीत किंवा कुठे बीमच्या वरच्या जादा सळईत १.९ मीटरचा १६ एमएम लागत असेल तर नाही, ते तुकडे तिकडे जातील. पण त्यासाठी कुणीतरी आधी ठरवावं लागतं, नाहीतर ते भंगारात जातात, आणि भंगार कुणाचं हे करारात लिहिलेलं नसेल तर ते तुमचं नसतं. म्हणून ठेकेदाराला टक्के विचारण्यापेक्षा विचारा की २ मीटरचे तुकडे कुठे लावणार. आणि बेंड वजा करायचं महत्त्व इथे कळतं: समजा एखादी सळई बेंड न वजा करता ६.०५ येतेय आणि वजा करून ५.९९. पहिल्या मापाने १२ मधून एकच निघते, दुसऱ्या मापाने दोन. सहा सेंटीमीटरने सळ्यांची संख्या दुप्पट होते. ४ मीटरच्या आसपासच्या आणि ६ मीटरच्या आसपासच्या लांब्या दिसल्या की तिथे मात्र डिडक्शन बारकाईने बघाच.

कागदावरचे किलो आणि काट्यावरचे किलो

आतापर्यंतचं सगळं वजन हे कागदावरचं आहे, व्यास अगदी नेमका १६ किंवा ८ आहे असं धरून. कारखान्यातून येणारी सळई थोडी जाड-बारीक असते आणि सळईचं मानक आयएस 1786 त्याला सूट देतं. सगळ्या लॉटच्या सरासरीला १० एमएमपर्यंत सात टक्के कमी-जास्त, त्यावर १६ पर्यंत पाच टक्के, १६ च्या वर तीन. एकेका नमुन्याला कमी असण्याची हद्द अजून एक टक्का सैल, म्हणजे आठ, सहा आणि चार.

घरी तपासायचं तर सळईचा एक मीटरचा तुकडा करवतीने सरळ कापून घ्या, कटरने तिरका तुटलेला नको, तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा आणि डिजिटल काट्यावर ठेवा, गावात मासेवालीकडे असतो तो काटाही चालेल जर ग्रॅम दाखवत असेल तर. ८ एमएमचा मीटरभर तुकडा ३९५ ग्रॅमच्या आसपास हवा, ३६३ च्या खाली गेला तर सळई हद्दीबाहेर. १२ एमएम ८८९ च्या आसपास, साधारण ८३५ ही खालची रेघ. १६ एमएमला १४८५. एका तुकड्यावरून निकाल देऊ नका, वेगवेगळ्या बंडलांतले तीन-चार घ्या. पावसाळाभर उघड्यावर पडलेलं स्टील असेल, किनाऱ्यावर चार महिन्यांत त्याला पापुद्रे सुटतात, तर हे वजन घेऊनच ठरवा, नुसतं लाल दिसतंय म्हणून परत पाठवू नका आणि नुसतं घासून चकचकीत केलं म्हणून घेऊही नका.

याचा बीबीएसशी संबंध असा की आपण सळई किलोवर विकत घेतो आणि मीटरवर वापरतो. ८ एमएमच्या १२ मीटरच्या सळईचं वजन ४.७४ किलो, एका टनात साधारण २११ सळ्या. माल चार टक्के जड निघाला तर त्याच टनात २०३ येतील, आठ सळ्या कमी, आणि बीबीएस बरोबर असूनही रिंगा कमी पडतील. माल हलका निघाला तर उलटं, सळ्या जास्त मिळतात, पण प्रत्येक बारीक, आणि डिझायनरने धरलेलं स्टील बीममध्ये जात नाही. ठेकेदार "स्टील कमी पडलं" म्हणाला की आधी हे बघा, मग त्याला बोला.

गावापर्यंत वजनकाटा नसतो, काट्याची पावती चिपळूणची किंवा रत्नागिरीची येते आणि गाडी मध्ये दोन ठिकाणी माल उतरवत येते. म्हणून पावतीवर विसंबायचं नाही, उतरवताना सळ्या मोजायच्या. १२ मीटरच्या एका सळईचं वजन ८ एमएमला ४.७४, १० ला ७.४, १२ ला १०.६७, १६ ला १८.९६ किलो. चलनावर व्यासाप्रमाणे किलो वेगळे लिहून मागा, एकत्र "स्टील अमुक टन" असं घेऊ नका. मग प्रत्येक व्यासाचे नग गुणिले वरचं वजन, आणि चलनाशी ताळा. पाच-सात टक्क्यांपर्यंतचा फरक रोलिंगमधला असू शकतो, त्याहून जास्त असेल तर ड्रायव्हर समोर असतानाच दुकानदाराला फोन लावायचा. बंडलमधली एखादी सळई टेप लावून मोजा, दुमडून आणलेली असते त्यामुळे ११ ची आहे की १२ ची ते नजरेला कळत नाही.

आणि ठेकेदाराला परत पाठवायचं उत्तर छोटं ठेवा. बी-२ साठी मी एवढंच लिहीन: "१२ एमएमला वजन १.५८ लागलंय, ०.८८९ करा. रिंगा बीमला ३३, टोकांना १०० आणि मध्ये १५०. रिंग बाहेरून १४० बाय ३६०, कव्हर ४५, ४५ चे ब्लॉक मागवलेत का ते कळवा. १६ एमएमचे २ मीटरचे बारा तुकडे कुठे वापरणार ते लिहा." रिंगा वळायला सुरुवात होण्याआधी हे त्याच्याकडे पोचलं पाहिजे, कारण वळलेली रिंग उलगडून छोटी करत कुणी बसत नाही.